गणपतीत रजा कोणाला, शाखेत कोण? लहान कार्यालयाच्या रजेच्या तक्त्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

कोकणातल्या लहान कार्यालयात वर्षभर रजेवरून कुरबुर होत नाही, ती सगळी भाद्रपदात होते. खालची उत्तरं सात माणसांची पतसंस्थेची शाखा डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत. तिथे रोकड असते, दोन चाव्यांची तिजोरी असते आणि दार बंद ठेवून चालत नाही, त्यामुळे तक्त्याची खरी परीक्षा तिथेच होते. गॅस एजन्सी, कर सल्लागाराचं कार्यालय किंवा बंदरावरचं एजंटाचं ऑफिस असेल, तर चाव्यांच्या जागी तुमची अडणारी कामं घालून वाचा.

तक्ता लावायला कधी घ्यावा?

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. हे फार लवकर वाटतं, पण त्यामागे रेल्वे आहे. नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण प्रवासाच्या १२० नव्हे तर ६० दिवस आधी उघडतं. २०२५ मध्ये चतुर्थी २७ ऑगस्टला होती, म्हणजे २५ तारखेच्या गाडीचं आरक्षण २६ जूनला उघडलं. मुंबईचे चाकरमानी त्या दिवशी तिकिटं काढतात आणि त्याच दिवशी घराघरांत ठरतं की कोण कधी येणार, कोणी कोणाला स्टेशनवर आणायला जायचं, मूळ घरी कोणी कधी जमायचं. आपल्या कर्मचाऱ्याचं वेळापत्रक त्या भावाच्या तिकिटाला बांधलेलं असतं. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात तुम्ही रजा नाकारलीत, तर त्याने घरी दिलेला शब्द मोडतो आणि राग तुमच्यावर निघतो. तीच गोष्ट जूनअखेर सांगितलीत, तर तो घरात बोलून काहीतरी जुळवून घेतो.

जूनमध्ये मागण्या गोळा कराव्यात, जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात कच्चा तक्ता भिंतीवर लावावा आणि श्रावण लागायच्या आधी पक्का करावा.

मागणीच्या कागदावर काय विचारायचं?

"किती दिवस रजा हवी?" हा प्रश्न विचारूच नका. सगळे घाबरून दोन दिवस जास्तीचे लिहितात. त्याऐवजी चार गोष्टी विचारा. घरचा गणपती किती दिवसांचा आहे? तो राहत्या घरी आहे की मूळ गावी? कोणता दिवस अजिबात हलवता येणार नाही? आणि कोणत्या दिवशी अर्ध्या रजेवर भागेल?

यातला पहिला प्रश्न सर्वांत कामाचा. दीड दिवसाचा गणपती असलेल्याला चतुर्थीचा दुसरा दिवस हवा असतो आणि गौरीच्या दिवसांशी त्याचं काही अडत नाही. पाच दिवसवाल्याला मधले दिवस हवेत. गौरी-गणपती असलेल्या घरात खरं काम गौर आली की सुरू होतं. अकरा दिवसवाल्याला तर दिवस निवडायला वावच वाव असतो. सगळे "गणपतीची रजा" म्हणतात, पण मागतात वेगवेगळे दिवस. कोकणातल्या या वेगवेगळ्या रीतींमुळेच तक्ता जमतो.

कारणाचा पुरावा मागू नका. शाखेत सगळ्यांना सगळ्यांची घरं माहीत असतात.

कमीत कमी किती माणसं हवीत, हे कसं ठरवायचं?

डोकी मोजून ठरवू नका, कामं मोजून ठरवा. "सातातले चार आले की झालं" असं म्हणणाऱ्या शाखेत एखाद्या दिवशी पाच जण हजर असूनही तिजोरी उघडत नाही, कारण दुसरी चावी रजेवर असते.

आपल्या उदाहरणातल्या शाखेत शाखाधिकारी, कॅशियर, काउंटरवर एक जुनी आणि एक नवी क्लार्क, कर्ज-वसुलीचा क्लार्क, हिशेबाचा क्लार्क आणि शिपाई आहेत. तिजोरीची पहिली चावी शाखाधिकाऱ्यांकडे, दुसरी कॅशियरकडे. पहिल्या चावीचा पर्यायी धारक हिशेबाचा क्लार्क, दुसरीची जुनी काउंटर क्लार्क. व्हाउचरची नोंद जो करतो त्यानेच ते पास करायचं नाही, आणि पास करण्याचा अधिकार फक्त पहिली चावी धरणाऱ्या दोघांना आहे.

यावरून किमान चौघे निघतात: पहिल्या चावीचा एक, दुसऱ्या चावीचा एक, काउंटरला एक आणि दार-टपाल-झेरॉक्स बघणारा चौथा कोणीही. चतुर्थीच्या आधीचे दोन दिवस मात्र पाच धरायचे. त्या दिवसांत चाकरमानी आलेले असतात, पैसे काढणाऱ्यांची रांग असते आणि आरती-दक्षिणेसाठी दहा-वीसच्या नोटा मागणारे वेगळे. दोन काउंटर चालवावी लागतात.

आणि एक नियम लाल शाईने लिहायचा: एकाच चावीचे दोन्ही धारक एकाच वेळी रजेवर जाणार नाहीत. बाकी सगळं जुळवाजुळवीने हलवता येतं, हे नाही.

प्रत्यक्ष तक्ता कसा बसतो, एक उदाहरण द्याल का?

२०२५ चं कॅलेंडर घेऊ. मंगळवार २६ ऑगस्ट हरतालिका, बुधवार २७ चतुर्थी, गुरुवार २८ ऋषिपंचमी आणि दीड दिवसाचं विसर्जन. रविवार ३१ ला पाच दिवसांचे गणपती गेले आणि त्याच दिवशी गौर आली, सोमवारी १ सप्टेंबरला गौरीपूजन, मंगळवारी २ ला गौरी-गणपतीचं विसर्जन. चतुर्थीला शाखा बंद, रविवार सुट्टीचा. म्हणजे ओढाताण सोमवार २५ ऑगस्टपासून मंगळवार २ सप्टेंबरपर्यंतच्या सात कामाच्या दिवसांत.

सात माणसं गुणिले सात दिवस म्हणजे ४९ हजेऱ्या. त्यातल्या पहिल्या दोन दिवशी पाच-पाच आणि उरलेल्या पाच दिवशी चार-चार अशा ३० लागणारच. देता येण्याजोग्या रजा उरल्या १९. मागण्या आल्या २१:

शाखाधिकारी (सात दिवसांचा गणपती, दुसऱ्या तालुक्यात): २६, २८, २९, १, २
कॅशियर (दीड दिवस): २६, २८
जुनी काउंटर क्लार्क (सासरी गौर): २६, १, २
नवी काउंटर क्लार्क (लग्नानंतरचा पहिला ओवसा): २६, ३०, १, २
कर्ज क्लार्क (पाच दिवस, याच गावात): २६, २८, २९, ३०
शिपाई (अकरा दिवस): २६, २८, १
हिशेबाचा क्लार्क (मुसलमान): काही नाही

एकवीस आणि एकोणीस हे आकडे बघून "दोनच तर जास्त आहेत" असं वाटतं. इथेच बरेच जण फसतात. दिवसावारी मांडलं की खरी अडचण दिसते:

| दिवस | मागितल्या | देता येतील |
|---|---|---|
| सोम २५ | ० | २ |
| मंगळ २६ | ६ | २ |
| गुरु २८ | ४ | ३ |
| शुक्र २९ | २ | ३ |
| शनि ३० | २ | ३ |
| सोम १ | ४ | ३ |
| मंगळ २ | ३ | ३ |

गुरुवार आणि सोमवार एकेकाने जास्त आहेत, ते बोलून सुटतं. भांडण आहे ते एका मंगळवारचं. हरतालिकेचा उपास, गणपतीच्या शाळेतून मूर्ती आणायची, माटवी बांधायची, बाजार. सहा जणांना तोच दिवस हवा आणि जागा दोन.

मग तो मंगळवार सोडवायचा कसा?

मंगळवारी कोणालाही पूर्ण रजा द्यायची नाही, हे आधी जाहीर करायचं. दोन पूर्ण रजांच्या चार अर्ध्या होतात. हरतालिकेची पूजा करणाऱ्यांना सकाळ हवी असते, मूर्ती आणणाऱ्यांना दुपारनंतर. दोन्ही गटांना खरं तर अर्धाच दिवस लागतो. पूर्ण मागतात, कारण अर्ध्याचा पर्याय कोणी समोर ठेवलेलाच नसतो.

सहा मागण्या, चार जागा. पहिला मागे सरतो तो शाखाधिकारी, कारण जो तक्ता लावतो त्याने शेवटी निवडायचं असतं. उरले पाच. आदल्या वर्षीची वही उघडली तर कर्ज क्लार्कला हाच दिवस पूर्ण मिळाला होता, म्हणून यंदा तो थांबतो. सकाळची अर्धी रजा दोन्ही काउंटर क्लार्कना, दुपारची कॅशियर आणि शिपायाला. सकाळी काउंटरवर कर्ज क्लार्क बसतो. दुपारी जुनी क्लार्क येऊन कॅशियरकडून रोकड मोजून घेते आणि दुसरी चावी धरते. दोन्ही वेळा पाच माणसं हजर राहतात.

कॅशियर आणि जुनी क्लार्क या दोघांना एकाच वेळी सोडलं असतं तर माणसं पाचच राहिली असती, पण दुसरी चावी धरायला कोणी नसतं. म्हणून एकाला सकाळ, दुसऱ्याला दुपार.

बाकीचे दिवस?

ते त्यामानाने सोपे. गुरुवारी चौघांपैकी शिपाई स्वतःहून मागे आला. त्याचा गणपती अकरा दिवसांचा, ऋषिपंचमीला त्याचं फारसं अडत नाही, आणि बदल्यात त्याला गौरीपूजनाचा सोमवार पक्का मिळाला. सोमवारी चार मागण्या होत्या, तिथे पुन्हा शाखाधिकाऱ्याने सोडलं. शेवटी असं बसलं:

मंगळ २६: सकाळी दोन्ही काउंटर क्लार्क, दुपारी कॅशियर व शिपाई रजेवर
गुरु २८: शाखाधिकारी, कॅशियर, कर्ज क्लार्क
शुक्र २९: शाखाधिकारी, कर्ज क्लार्क
शनि ३०: नवी क्लार्क, कर्ज क्लार्क
सोम १: दोन्ही काउंटर क्लार्क, शिपाई
मंगळ २: शाखाधिकारी, दोन्ही काउंटर क्लार्क

शाखाधिकाऱ्यांनी पाच मागितले, तीन मिळाले, तेही तुटक. गुरुवार-शुक्रवार घरी, शनिवारी हजर, सोमवारी हजर, मंगळवारी पुन्हा विसर्जनाला. हे गैरसोयीचं आहे, आणि तसं असलं तरच बाकीचे सहा जण तक्त्यावर विश्वास ठेवतात. साहेबाला सलग आठवडा आणि बाकीच्यांना तुकडे, हे एकदा झालं की पुढच्या वर्षीच्या मागणीच्या कागदावर कोणी खरं लिहीत नाही.

गुरुवार, सोमवार आणि दुसरा मंगळवार हे तिन्ही दिवस नेमके चौघांवर आहेत, हे बघून ठेवा. त्यातला एक आजारी पडला तर शाखा उघडता येत नाही.

ऐनवेळी कोणी आलंच नाही तर?

ज्या दिवशी किमान संख्येवर एकही माणूस जास्त नाही, त्या दिवसाला एक राखीव माणूस नेमायचा. तो रजेवरच असतो, पण गावात असतो, फोन चालू ठेवतो आणि अर्ध्या तासात येऊ शकतो. उदाहरणात गुरुवारचा राखीव कर्ज क्लार्क, कारण त्याचा गणपती याच गावात आहे. शाखाधिकारी दुसऱ्या तालुक्यात, म्हणून ते राखीव म्हणून चालत नाहीत. कागदावर नाव टाकून उपयोग नाही.

राखीव राहिलेल्या दिवसाची रजा पूर्ण खर्ची पडते, पण वहीत त्याच्या नावावर एक जमा नोंद होते. बोलावणं आलं आणि तो आला, तर त्या दिवसाची रजा परत द्यायची आणि बदली सुट्टीही द्यायची. लोक ही जबाबदारी घ्यायला तयार होतात ते या जमा नोंदीमुळे.

राखीव असला तरी चावीचा प्रश्न वेगळा बघावा लागतो. गुरुवारी पहिली चावी फक्त हिशेबाच्या क्लार्ककडे आहे, तो आजारी पडला तर कर्ज क्लार्क येऊन उपयोग नाही. अशा दिवशी मुख्य कार्यालयाला आधीच लेखी कळवून ठेवावं की गरज पडल्यास जवळच्या शाखेतला अधिकारी पाठवा. एकाच शाखेची संस्था असेल, तर शाखाधिकाऱ्यांना त्या दिवशी सकाळी दहापर्यंत फोनच्या टप्प्यात राहावं लागेल.

चाव्यांचा ताबा देताना काय चुकतं?

घाई. चतुर्थीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी सगळ्यांना घरी पळायचं असतं, आणि चावी "हे घे रे" म्हणून हातात दिली जाते. ताबा देताना दोघांनी मिळून रोकड मोजायची, कॅश बुकाशी ताळा जुळवायचा, चावी रजिस्टरमध्ये तारीख-वेळ टाकून दोघांनी सही करायची. उदाहरणात पहिल्या चावीचे चार ताबे आहेत: २६ ला संध्याकाळी, ३० ला सकाळी, १ ला संध्याकाळी आणि ३ ला सकाळी. तक्ता लावतानाच हे चार ताबे त्यावर लिहून टाका म्हणजे त्या दिवशी अर्धा तास कोणी आधी निघत नाही.

अजून एक. रजेवरून परतणाऱ्याच्या भरवशावर सकाळची तिजोरी ठेवू नका. भाद्रपदात पाऊस असतो, महामार्गावर गाड्यांची रांग असते, एसटी वेळेवर येईलच असं नाही. शाखाधिकारी शनिवारी सकाळी गावाहून निघून येणार असतील, तर हिशेबाच्या क्लार्कने त्या सकाळी हजर राहून तिजोरी उघडायची आणि ते आल्यावर ताबा द्यायचा. चावी गावाला घेऊन जाणं तर पूर्ण बंद.

ज्याच्या घरी गणपती नाही, त्याला सगळे दिवस हजर ठेवणं योग्य आहे का?

यंदा त्याने रजा मागितली नाही, म्हणून हजर ठेवणं योग्य. पण "तो आहेच की" असं गृहीत धरणं अयोग्य. उदाहरणातला हिशेबाचा क्लार्क सात दिवस हजर राहिला आणि तीन दिवस पहिली चावी सांभाळली. बाकीच्यांना घरी जाता आलं ते त्याच्यामुळे, हे वहीत लिहिलेलं असलं पाहिजे.

त्याची परतफेड कधी मागितली जाणार, तेही आत्ताच बघा. ईद दर वर्षी साधारण अकरा दिवसांनी मागे सरकते, आणि २०२६ मध्ये रमजान ईद मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात येते. पतसंस्थेत मार्च म्हणजे वर्षअखेर: वसुली, व्याज आकारणी, ताळेबंद. हिशेबाच्या क्लार्कशिवाय ज्या महिन्यात पान हलत नाही, नेमका तोच. ऑगस्टमध्ये सगळे त्याचे आभार मानतात आणि मार्चमध्ये "वर्षअखेरीला रजा कशी द्यायची?" असं विचारतात. म्हणून गणपतीच्या तक्त्याखालीच मार्चची नोंद करायची: ईदचा दिवस आणि त्याच्या पुढचा दिवस त्याचा, चंद्रदर्शनामुळे तारीख एका दिवसाने हलली तरी. त्यासाठी कर्ज क्लार्कने फेब्रुवारीपर्यंत व्याज आकारणीचं काम शिकून घ्यायचं. शिकवायला सहा महिने मिळाले तर ते जमतं.

ख्रिस्ती सहकाऱ्याच्या नाताळचं तसंच. ३१ डिसेंबरला पर्यटनामुळे मालवण, गुहागर, अलिबाग अशा ठिकाणच्या कार्यालयांत गर्दी असते, ते आधीच हिशेबात घ्या.

आधी मागेल त्याला आधी, असं का नको?

कारण आधी कोण मागतं ते बघा. जो साहेबाच्या टेबलाजवळ बसतो, ज्याला पंचांगाआधी बातमी मिळते, ज्याने गेल्या वर्षीही आधी मागितलं होतं तो. नवीन लागलेला माणूस नेहमी मागे राहतो. सेवाज्येष्ठतेचंही तेच: जुन्यांना कायम गौर मिळते, आणि नव्या क्लार्कचा पहिला ओवसा चुकतो. पहिला ओवसा दर वर्षी येत नाही, घरातल्या बायका त्याची वाट बघत असतात. अशी एकदाच येणारी गोष्ट मागणीच्या कागदावर असेल, तर ती वहीच्या हिशेबाच्याही वर ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे. घरातला पहिला गणपती, वडील गेल्यानंतर मुलाने पहिल्यांदा पूजेला बसणं, हेही त्यातच. पण वर्षातून एकाच माणसाला ही सवलत द्यावी, नाहीतर सगळ्यांचंच काहीतरी पहिलं निघतं.

चिठ्ठ्या टाकायच्या त्या अगदी शेवटी, दोघांचा वहीतला हिशेब सारखा असेल तेव्हा.

ती वही म्हणजे नेमकं काय?

शंभर पानी साधी वही. गुणांची पद्धत, एक्सेलची सूत्रं वगैरे लागत नाहीत. ती लावली की लोक गुणांवर भांडतात. वहीत फक्त ओढाताणीचे दिवस लिहायचे, म्हणजे ज्या दिवशी मागण्या जागांपेक्षा जास्त होत्या ते. २०२५ च्या पानावर तीनच दिवस येतील: २६, २८ आणि १. प्रत्येकासमोर मागितलं कोणी, मिळालं कोणाला, सोडलं कोणी. त्याखाली राखीव राहिलेले आणि मागणी नसताना सलग हजर राहिलेले.

एकूण किती दिवस रजा मिळाली, हे लिहू नका. नव्या क्लार्कला साडेतीन दिवस मिळाले आणि शिपायाला दीड, म्हणून तिच्यावर उपकार झाला असं होत नाही. शनिवारसाठी ओढाताण नव्हतीच. मोल असतं ते सर्वांना हव्या असलेल्या दिवसाचं. तीन वर्षांपूर्वीची पानं धरायची नाहीत, माणसं बदलतात आणि जुने हिशेब उकरले की वातावरण बिघडतं.

मधला रविवार रजेत धरायचा का?

नव्या क्लार्कची रजा शनिवार, सोमवार, मंगळवार अशी आहे. मधे रविवार. काही संस्थांच्या सेवानियमांत रजेच्या मधे आलेली सुट्टीही रजेत मोजतात, काही ठिकाणी किरकोळ रजेला ते लागू नसतं. तुमचा नियम काय आहे तो मागणीच्या कागदावरच छापा. मागाहून पगारपत्रकात चार दिवस कापलेले दिसले, तर तक्ता कितीही न्याय्य असला तरी फसवल्यासारखं वाटतं. आणि नियम लावायचा तर शाखाधिकाऱ्यांनाही लावा.

कायद्याने किती रजा द्यावीच लागते?

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा २०१७ मध्ये वर्षाला आठ किरकोळ रजा, पगारी आठ सण-सुट्ट्या (२६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी ठरवलेल्या आणखी चार) आणि वर्षात २४० दिवस काम केलेल्याला दर वीस दिवसांमागे एक अर्जित रजा, अशी तरतूद आहे. सण-सुट्टीला कामावर बोलावलं तर दुप्पट वेतन आणि बदली सुट्टी. अगदी लहान आस्थापनांना ही कलमं लागू होत नाहीत, तिथे सेवानियम किंवा नेमणूकपत्र बघायचं. माप म्हणून मात्र हा कायदा चांगला आहे.

एक बारकी गोष्ट कामाची. त्या कायद्यात किरकोळ रजा तिमाहीवार खात्यात जमा होते. ऑगस्टपर्यंत आठपैकी सहाच जमा झालेल्या असतात, आणि तोवर चार गेल्या असतील तर गणपतीला दोनच उरतात. मागणी घेताना शिल्लक रजा बाजूला लिहून द्या.

जिल्हाधिकाऱ्यांनी जाहीर केलेली स्थानिक सुट्टी सरकारी कार्यालयांसाठी असते. ती तुम्हाला लागू आहे असं परस्पर ठरवू नका, संस्थेची सुट्ट्यांची यादी बघा.

तक्ता पक्का झाल्यावर आपसात अदलाबदल चालेल का?

चालेल, आणि चालू द्यावीच. घरात सुतक येतं, मुंबईच्या भावाची गाडी रद्द होते, कोणाच्या घरचा पाच दिवसांचा गणपती यंदा दीड दिवसावर येतो. दोघांनी भिंतीवरच्या तक्त्यावर खोडून नावं लिहायची, दोघांच्या सह्या, आणि शाखाधिकाऱ्याने फक्त चाव्यांचा नियम तपासून खाली सही करायची. कारण विचारायचं नाही. त्या दिवसाच्या दोन दिवस आधीपर्यंत मुभा, नंतर नाही, कारण चाव्यांचे ताबे ठरलेले असतात.

पैसे देऊन दिवस विकत घेण्याचा प्रकार कानावर आला, तर तो तिथेच थांबवा. गमतीत सुरू होतो आणि शिपायाचे दिवस नेहमी विकले जातात.

रजा नाकारली आणि माणूस त्याच दिवशी "आजारी" पडला तर?

पहिल्या वेळी काही बोलू नका. राखीव माणसाला बोलवा आणि वहीत नोंद करा. खरंच ताप असू शकतो, त्या हवेत असतोच. मात्र त्याच माणसाचा त्याच दिवसाचा ताप पुढच्या वर्षीही आला, तर वैद्यकीय दाखल्याचा नियम सगळ्यांना लावा, त्याच्या एकट्याला नव्हे. आणि मग त्याची मूळ मागणी पुन्हा वाचा. बऱ्याचदा असं दिसतं की त्याने "हलवता येणार नाही" म्हणून जो दिवस लिहिला होता, तोच नाकारलेला असतो, आणि त्याच्याशी कोणी समोर बसून बोललेलं नसतं.

शाखाच दोन दिवस बंद ठेवली तर?

वास्तुविशारदाचं किंवा कर सल्लागाराचं कार्यालय असेल आणि त्या आठवड्यात विवरणपत्राची मुदत नसेल, तर जरूर ठेवा, ग्राहकांना पंधरा दिवस आधी कळवा. पतसंस्थेत तो निर्णय संचालक मंडळाचा, शाखेचा नाही. लोकांना आपले पैसे नेमके याच दिवसांत हवे असतात.

शिमगा, जत्रा आणि दिवाळीलाही हीच पद्धत?

दिवाळीला जवळपास हीच, ओढाताण फक्त भाऊबीजेची असते.

शिमग्याचं वेगळं. पालखी कोणत्या वाडीत कोणत्या दिवशी येणार ते गावकरी ठरवतात आणि दोन शेजारच्या गावांचे दिवस वेगळे असतात, त्यामुळे मागण्या आपोआप विखुरतात. तिथे तारीख उशिरा कळते, हीच अडचण. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख तर तिथीवर नसतेच, देवीचा कौल घेऊन ठरते. अशा सणांसाठी मागणीच्या कागदावर तारखेऐवजी प्रसंगाचं नाव लिहून घ्या, "पालखीचा दिवस" किंवा "आंगणेवाडी", आणि एका दिवशी एका चावीचा एकच धारक जाईल हा नियम आधीच सांगून ठेवा. तारीख जाहीर झाली की आठ दिवसांत ती तक्त्यावर चढवा. दोघांच्या गावची पालखी एकाच दिवशी आली आणि दोघे त्याच चावीचे निघाले, तर एकाला रात्रीच्या पालखीला जाता येईल अशा बेताने दुपारी सोडता येतं का, ते आधी विचारा. बहुतेक ठिकाणी पालखी घरी कधी पोचणार हे वाडीतल्या माणसाला साधारण माहीत असतं.